कार्डावरचा १ आणि फोनमधला 9

बाबांच्या मोटर रीवाइंडिंगच्या दुकानात, सांगलीला, गल्ल्यातल्या बिस्किटाच्या डब्यात व्हिजिटिंग कार्डं साठली होती. तांब्याची तार पुरवणारे, बेअरिंगवाले, ओतकामवाले, टेम्पोवाले. गेल्या दिवाळीत मी ती सगळी मोबाइलवर टिपली, गुगल लेन्सने मजकूर उचलला आणि संध्याकाळपर्यंत बाबांच्या फोनमध्ये भरून टाकला. चार दिवसांनी बाबांनी ओतकामवाल्याला फोन लावला, तर पलीकडे एक अनोळखी बाई बोलल्या. कार्डावर शेवटचा आकडा १ होता, फोनमध्ये 9 पडला होता.

मग मी डबा पुन्हा उघडला. या वेळी भरण्यापेक्षा तपासण्यात जास्त वेळ घातला.

चूक का झाली ते आकृती पाहिली की लगेच कळतं. देवनागरी १ आणि इंग्रजी 9 यांचं वळण जवळजवळ सारखं आहे. देवनागरी ४ कधीकधी 8 वाटतो. शब्द वाचताना यंत्राला शेजारच्या अक्षरांचा आधार असतो. ‘कोल्हापूर’मधलं एखादं अक्षर पुसट असलं तरी बाकीच्यांवरून अंदाज बांधता येतो. आकड्यांना असा शेजार नसतो. ओळीत नुसते दहा आकडे असले, तर ते कोणत्या लिपीतले हेही यंत्राला अंदाजानेच ठरवावं लागतं.

त्यातून फोन नंबरला स्वतःची अशी काही राखण नाही. आधार क्रमांकाचा शेवटचा आकडा आधीच्या अकरा आकड्यांवरून गणिताने काढलेला असतो, त्यामुळे मधला एक आकडा चुकला की हिशेब बसत नाही. जीएसटी क्रमांकाचं शेवटचं अक्षरही तसंच. मोबाइल नंबरात असं काही नसतं. भारतातला मोबाइल दहा आकड्यांचा आणि ६, ७, ८ किंवा ९ने सुरू होणारा, एवढीच चाळणी आपल्या हाती असते. तिच्यातून आकडा गळला किंवा वाढला तर कळतं. १ चा 9 झाला तर कळत नाही, कारण तोही दहा आकड्यांचा दिसायला बरोबर असाच नंबर असतो.

उपाय मात्र त्या कार्डावरच होता. आपल्याकडच्या पुष्कळ कार्डांवर एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी असतं. मी घाईत एकच बाजू टिपली होती. दोन्ही बाजू टिपल्या, तर तोच नंबर दोन लिप्यांत, दोनदा वाचून मिळतो. शिवाय दोन लिप्यांतल्या चुका वेगळ्या असतात. इंग्रजीत 1 आणि 7 यांची गल्लत होते, मराठीत १ आणि ९ यांची. एकाच जागी दोन्हीकडे सारखीच चूक होणं दुर्मीळ. दोन्ही वाचनं जुळली तर नंबर ठेवायचा, एका आकड्याचाही फरक दिसला तर फोटो मोठा करून डोळ्यांनी पाहायचा. एकाच लिपीतल्या कार्डांना ही सोय नाही. ती मी आईला मोठ्याने वाचायला सांगितली आणि पडद्यावरचं स्वतः पाहत गेलो.

ओतकामवाल्याचं कार्ड हे सगळ्याचं चांगलं उदाहरण आहे. मधले आकडे इथे झाकून ठेवतो. मराठी बाजूला ‘भ्र. ९८xxxxxx४१’, ‘दू. (का.) ०२३३–२xxxx७० / ७१’, ‘(नि.) २xxxx१८’ आणि खाली ‘चि.’ लिहून मुलाचा मोबाइल. मागे इंग्रजीत तेच, फक्त ‘का.’ आणि ‘नि.’च्या जागी O आणि R.

पहिला अडथळा त्या तिरप्या रेघेचा. ‘७० / ७१’ म्हणजे दोन फोन. दुसऱ्याचे फक्त शेवटचे दोन आकडे लिहिलेले. आपण हे सहज वाचतो, पण यंत्र एक तर ७१ सोडून देतं, नाहीतर रेघेलाच 1 समजून सगळं एकमेकाला चिकटवतं. कंसातला O शून्य होऊन नंबरात शिरतो, तेही याच प्रकारातलं. सुदैवाने या चुकांनी लांबी बिघडते, म्हणून त्या पकडता येतात. पहिला शून्य सोडून एसटीडी कोड आणि पुढचा नंबर मिळून दहाच आकडे व्हायला हवेत. सांगलीचा २३३ आणि पुढे सात, पुण्याचा २० आणि पुढे आठ, साताऱ्याचा २१६२ आणि पुढे सहा. घरच्या नंबराला कार्डावर कोडच नव्हता. तो वरच्या ओळीतला धरायचा, हे माणसालाच ठरवावं लागतं.

जुन्या कार्डांवर ९५२३३ अशी सुरुवात दिसली तर तो मोबाइल समजू नये. जवळच्या जिल्ह्यांत फोन लावताना एके काळी शून्याऐवजी ९५ फिरवत. ते ९५ काढून टाकायचं.

आता नोंद. फोन ज्या फाइलमधून संपर्क घेतो ती .vcf नावाची साधी मजकुराची फाइल असते. तिच्यात TEL ही ओळ हवी तितक्या वेळा लिहिता येते. म्हणून पाच नंबर एका रकान्यात स्वल्पविराम देऊन कोंबायची गरज नसते. तसे कोंबले तर पहिला सोडून बाकीच्यांना फोन लागत नाही, आणि त्या नंबरांवरून फोन आला तर नावही दिसत नाही.

```
BEGIN:VCARD
VERSION:3.0
N:आडनाव;नाव;वडिलांचे नाव;श्री.;
FN:नाव आडनाव
NICKNAME:Naav Aadnaav
TEL;TYPE=CELL,PREF:+9198xxxxxx41
TEL;TYPE=WORK:+912332xxxx70
TEL;TYPE=WORK:+912332xxxx71
TEL;TYPE=HOME:+912332xxxx18
END:VCARD
```

सगळे नंबर इंग्रजी आकड्यांत आणि +91 लावून लिहिले की गावातून लावा, मुंबईतून लावा किंवा दुबईतून, नोंद बदलावी लागत नाही. N च्या ओळीत आधी आडनाव, मग नाव, मग मधलं नाव; आपल्या वडिलांच्या नावाची जागा ती. ‘श्री.’ला वेगळा कप्पा आहे, नाहीतर अर्धी यादी ‘श्र’खाली गोळा होते. टोपणनावाच्या ओळीत मी मुद्दाम इंग्रजी स्पेलिंग ठेवलं. बाबा मराठीत शोधतात, मी इंग्रजीत, आणि दोघांनाही माणूस सापडायला हवा.

मुलाचा नंबर या नोंदीत घेतला नाही. घेतला असता तर मुलाचा फोन आल्यावरही पडद्यावर वडिलांचंच नाव आलं असतं आणि बाबांनी ‘काय शेठ’ म्हणून सुरुवात केली असती. त्याची नोंद वेगळी केली. एका कार्डावर दोन माणसं असली तर नोंदीही दोनच हव्यात.

फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन केली नाही तर मराठी नावांच्या जागी खुणांचा कचरा येतो. आणि मधे एक्सेल वापरायचं असेल तर नंबरांचा रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवावा. नाहीतर सुरुवातीचा शून्य जातो आणि लांब नंबर 9.198E+11 असा होऊन बसतो. तसं सीएसव्हीमध्ये जतन केलं तर शेवटचे आकडे परत मिळत नाहीत, पुन्हा कार्डच काढावं लागतं.

फोटोबद्दल एवढंच, की लॅमिनेशन केलेल्या कार्डावर फ्लॅश पडला तर नेमका नंबरच पांढरा होतो. मी खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात, काळ्या वहीवर एकेक कार्ड ठेवून फोटो काढले. सात-आठ कार्डं एका फोटोत घेण्याचा मोह पहिल्या वेळी झाला होता, आणि तेव्हा एकाचा नंबर दुसऱ्याच्या नावापुढे गेला होता.

नंबर बरोबर वाचला म्हणजे तो चालू आहे असं नाही. लँडलाइनचे पुष्कळ नंबर बंद पडले होते, आणि ते फोन करूनच कळलं. बाबा दुपारी गिऱ्हाईक नसताना रोज पाच-सहा जणांना फोन लावत होते, बंद निघाला की मला सांगत होते. दोन माणसं आता नाहीत, हेही त्यातच कळलं. त्यांच्या नोंदी पुसू नकोस, असं बाबा म्हणाले.

ओतकामवाल्याच्या कार्डावर मागच्या कोपऱ्यात बाबांनी पेन्सिलीने लिहिलेलं आहे: ‘सकाळी १० च्या आत. नंतर भट्टीवर असतो.’ लेन्सला ते वाचता आलं नाही. मी ते हाताने नोंदीच्या टिपेत घातलं.