लाईट गेलेल्या रात्री शहराचे पाणी

नदीचे पाणी नळापर्यंत येण्याआधी दोनदा वर चढवावे लागते. नदीकाठच्या जॅकवेलमधून पंप ते जलशुद्धीकरण केंद्रात आणतात. तिथे तुरटीचा डोस, गाळ बसवणारी टाकी आणि वाळूचे फिल्टर हे टप्पे ते स्वतःच्या उताराने पार करते आणि जमिनीखालच्या शुद्ध पाण्याच्या टाकीत, म्हणजे संपमध्ये जमा होते. संपमधून दुसरे पंप ते गावातल्या उंच जलकुंभांत चढवतात. जलकुंभापासून नळापर्यंत मात्र पाणी आपोआप उतरते. लाईट गेली की दोन्ही चढ बंद पडतात, उतार चालू राहतो. लांबलेल्या वीजखंडात रात्रपाळीचा ऑपरेटर जे करतो, त्याच्या मुळाशी हीच गोष्ट असते.

४० हजार वस्तीचे शहर उदाहरणाला घेतले तर माणशी १३५ लिटर या प्रचलित मापाने त्याला दिवसाला ५४ लाख लिटर पाणी लागते. आपल्याकडच्या बहुतेक शहरांप्रमाणे इथेही पाणी भागवार आणि ठरलेल्या वेळी सुटते. जलकुंभांची एकूण क्षमता १८ लाख लिटर आणि संपची ६ लाख. पावसाळ्यातल्या रात्री ११ वाजता, जलकुंभ निम्मे भरलेले असताना, मुख्य वाहिनीवर झाड पडून वीज जाते. केंद्रावर एक जनरेटर आहे. नदीकाठच्या जॅकवेलला वेगळा ट्रान्सफॉर्मर आहे, पण जनरेटर नाही. सकाळी साडेपाचला पहिला भाग सुटायचा आहे.

पहिली दहा मिनिटे

पंप अचानक थांबला तरी वाहिनीतले पाणी लगेच थांबत नाही. ते काही क्षण पुढे जाते, मग उलटे फिरते आणि पंपाजवळच्या नॉन-रिटर्न वॉल्व्हवर येऊन आदळते. लोखंडी वाहिनीत सेकंदाला एक मीटर वेगाने धावणारे पाणी एकदम अडले, तर सुमारे १०० मीटर उंचीच्या पाण्याइतका जादा दाब तयार होऊ शकतो. हा धक्का ऑपरेटरला टाळता येत नाही. तो सोसण्यासाठी हवेची टाकी किंवा दाब सोडणारे वॉल्व्ह आधीच बसवलेले असावे लागतात. धक्क्याने काही फुटले आहे का, हे मात्र त्याला बॅटरी घेऊन लगेच पाहावे लागते.

नॉन-रिटर्न वॉल्व्ह नीट बसला नसेल तर पंपाचा दांडा उलटा फिरताना दिसतो. त्याच अवस्थेत वीज परतली आणि मोटर सुरू झाली, तर दांडा तुटू शकतो किंवा मोटर जळू शकते. म्हणून सगळ्या पंपांचे स्टार्टर बंद करणे आणि पुढचे वॉल्व्ह हाताने आवळणे हे पहिले काम. जॅकवेलवरच्या पंपचालकालाही फोनवर हेच सांगितले जाते.

त्यानंतर फिल्टर. आत येणारे पाणी थांबले आणि बाहेर जाणारी वाट उघडी राहिली, तर वाळूवरचे पाणी ओसरते, थरात हवा शिरते आणि पुन्हा सुरू करताना पाणी वाळूतून सारखे न जाता भेगांमधून निसटते. बाहेरचा वॉल्व्ह बंद करून वाळू पाण्याखाली ठेवली की हा धोका उरत नाही.

क्लोरीनची खोली

क्लोरीन वायू टनर नावाच्या आडव्या, साधारण ९०० किलो वायू मावणाऱ्या टाकीतून येतो. छोटा पंप जोराने पाणी सोडून निर्वात तयार करतो आणि त्या ओढीने वायू पाण्यात मिसळतो. वीज गेली की ओढ संपते आणि यंत्रातली झडप आपोआप मिटते. तरीही टनरवरचा वॉल्व्ह हाताने बंद केला जातो, कारण खोलीतला हवा बाहेर फेकणारा पंखाही आता बंद असतो. क्लोरीन हवेच्या जवळपास अडीचपट जड असतो आणि जमिनीलगत साचतो. वास आला तर मास्क लावून, वाऱ्याच्या दिशेकडूनच आत जायचे असते. गळती नेमकी कुठे आहे हे अमोनियात भिजवलेला फडका सांगतो. तो गळतीजवळ नेला की पांढरा धूर उठतो.

संपमधल्या पाण्यात आधीचा क्लोरीन असतो, पण तो तासागणिक घटतो. पाण्याच्या नमुन्यात ओटीचे थेंब टाकले की उरलेल्या क्लोरीनच्या प्रमाणात पिवळा रंग येतो. भारतीय मानकानुसार नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे, त्यामुळे केंद्रावर तो याहून बराच जास्त ठेवावा लागतो. रंग फिका आला तर ब्लिचिंग पावडर कामी येते. ५ लाख लिटर पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम वाढवायला ५०० ग्रॅम क्लोरीन लागतो. साठवणीतल्या पावडरमध्ये तो पाव भाग धरला, तर २ किलो पावडर पुरते. ती पिंपात कालवून चुना खाली बसू दिला जातो आणि वरची निवळच संपमध्ये थोडी थोडी सोडली जाते. पाणी किमान अर्धा तास मुरल्यावर पुन्हा ओटी पाहिली जाते.

पाण्याचा हिशेब

आता जनरेटर. थांबलेली मोटर सुरू होताना, थेट जोडणीत, नेहमीच्या सहापटीच्या आसपास विद्युतप्रवाह ओढते. स्टार-डेल्टा स्टार्टरने तो एक तृतीयांशावर येतो. म्हणून जनरेटरवर एका वेळी एकच पंप चालू केला जातो आणि इंजिनाचा आवाज स्थिर झाल्याशिवाय दुसरा भार जोडला जात नाही.

या केंद्रावरचा ६० अश्वशक्तीचा एक पंप तासाला दीड लाख लिटर पाणी ६० मीटर वर चढवतो आणि जनरेटर त्यासाठी तासाला साधारण १३ लिटर डिझेल खातो. टाकीत २०० लिटर डिझेल आहे, म्हणजे पंप पंधरा तास चालू शकेल. पण संप भरलेला असला तरी त्यातले तळाचे एक लाख लिटर पंपाला ओढता येत नाहीत. उरलेले ५ लाख चढवायला ३ तास २० मिनिटे आणि सुमारे ४५ लिटर डिझेल लागते. त्यानंतर डिझेल शिल्लक असते, पाणी मात्र संपलेले असते.

गाळ बसवणाऱ्या टाकीत आणखी ७ लाख लिटर पाणी डोळ्यांना दिसते, पण ते मिळत नाही. त्या टाकीतून निवळलेले पाणी वरच्या काठावरून सांडून पुढे जाते. नदीकडून नवे पाणी आत येईल तेव्हाच जुने बाहेर पडते. जॅकवेल बंद आहे तोवर हा साठा जागच्या जागी राहतो.

चढवण्याचे काम रात्री दोनपर्यंत थांबून केले तरी साडेपाचची वेळ गाठता येते. जाणता ऑपरेटर मात्र क्लोरीनची खात्री होताच ते सुरू करतो. जनरेटर मध्येच अडला तर दुरुस्तीला वेळ हाताशी राहतो. शिवाय एकदा जलकुंभात पोचलेल्या पाण्याला पुढे विजेची गरज नसते. अमेरिकेत १४ ऑगस्ट २००३ च्या मोठ्या वीजखंडात क्लीव्हलँड शहराला याची किंमत कळली. शहर इरी सरोवराच्या काठावर आहे, पण पाणी वर चढवणाऱ्या पंपगृहांना पर्यायी वीज नव्हती. मोठ्या भागातले नळ कोरडे पडले आणि पुरवठा परतल्यावरही पाणी उकळून पिण्याच्या सूचना द्याव्या लागल्या.

मध्यरात्रीच्या सुमारास पाणीपुरवठा अभियंत्याला जो फोन जातो, त्यात लाईट गेल्याच्या बातमीबरोबर आकडेही हवेत. जलकुंभांत ९ लाख, संपमधून ५ लाख, एकूण १४ लाख लिटर. सकाळच्या फेरीची नेहमीची गरज २७ लाख. हे आकडे वेळेत मिळाले तर जॅकवेलवर भाड्याचा जनरेटर पाठवायचा की नाही, हे रात्रीच ठरते. तिथला पंप सुरू झाला तर तासाला सुमारे अडीच लाख लिटर नवे पाणी येईल आणि अडकलेले ७ लाखही वाहू लागेल. निर्णय सकाळवर गेला की ते तास हातचे जातात.

सकाळचे वाटप

१४ लाख लिटर म्हणजे माणशी ३५ लिटर. रुग्णालय आणि अग्निशमनासाठी २ लाख बाजूला ठेवले, तर सहा भागांना प्रत्येकी २ लाख लिटर येतात. पण सगळ्यांना सारखा वेळ दिला म्हणून सगळ्यांना सारखे पाणी मिळत नाही. सखल भागात दाब जास्त असल्याने तेवढ्याच वेळात जास्त पाणी उतरते. चढावरच्या वस्तीला जलकुंभ भरलेला असतानाच दाब मिळतो, म्हणून तिचा वॉल्व्ह आधी उघडला जातो आणि सखल भाग शेवटी, कमी वेळासाठी सुटतो. वॉल्व्हमन घड्याळापेक्षा जलकुंभावरच्या पातळीच्या खुणेवर लक्ष ठेवतो.

जलकुंभ तळापर्यंत रिकामा होऊ द्यायचा नसतो. शेवटच्या फूटभर पाण्यात तळाचा गाळ हलतो आणि मागोमाग वाहिनीत हवा शिरते. रिकाम्या वाहिनीत दाब उलटा झाला, तर गळक्या सांध्यातून शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. काविळीच्या आणि जुलाबाच्या साथी अशा सांध्यांतून सुरू होतात. म्हणून साठा कमी असताना दोनदा थोडे थोडे सोडण्यापेक्षा एकदाच, पुऱ्या दाबाने सोडलेले बरे.

वीज परतल्यावर

सकाळी ९ वाजता वीज येते, पण पंप लगेच सुरू केले जात नाहीत. पहिल्या काही मिनिटांत व्होल्टेज वरखाली होते, कधी एखादा फेज आलेलाच नसतो. तारा पुन्हा जोडताना फेजचा क्रम बदलला तर मोटर उलटी फिरते. पंप चालू असतो, आवाजही येतो, पण दाबमापकाचा काटा पुरेसा चढत नाही. तिन्ही फेज पाहून, दहा-पंधरा मिनिटे थांबून आणि फिरण्याची दिशा तपासून मगच भार टाकला जातो. वाहिनी हळूहळू भरली जाते, जेणेकरून आतली हवा एअर वॉल्व्हमधून निघून जाईल. घाईने पूर्ण वॉल्व्ह उघडला तर रात्री टळलेली फूट सकाळी होते.

दहा तासांत नदीही बदललेली असते. पावसाने गढूळपणा वाढला असेल, तर आदल्या संध्याकाळचा तुरटीचा डोस अपुरा पडतो. बरण्यांत वेगवेगळ्या मात्रा टाकून नवा डोस ठरवला जातो. टाकीच्या तळाशी घट्ट झालेला गाळ यांत्रिक फावडे फिरवण्याआधी तळाच्या वॉल्व्हमधून सोडून दिला जातो, नाहीतर त्याच्या ओझ्याने फावडे अडकते. पाणी आधी निम्म्या वेगाने घेतले जाते आणि फिल्टरमधून आलेले सुरुवातीचे पाणी वाया सोडले जाते, कारण थांबून सुरू झालेल्या वाळूतून अडकलेला गाळ निसटतो. गढूळपणा १ एनटीयूच्या आत आला आणि ओटीत पुरेसा पिवळा रंग दिसला, की पाणी संपकडे वळते.

शेवटचे काम नोंदवहीचे. वीज गेल्याची आणि आल्याची वेळ, जलकुंभांच्या पातळ्या, डिझेल, क्लोरीनच्या चाचण्या आणि प्रत्येक भागाला सोडलेले पाणी त्यात लिहिले जाते. जॅकवेलला कायमचा जनरेटर हवा की स्वतंत्र वीजवाहिनी, आणि जलकुंभांची क्षमता किती वाढवायची, हे नगरपालिकेला याच नोंदींवरून ठरवता येते.