शिकागोचा विमा आणि मिसिसिपीकाठचा भाव

अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या काठाने इलिनॉयच्या दक्षिण टोकावरच्या कैरो गावापासून खाली मेम्फिसकडे निघाले, की ठिकठिकाणी काँक्रीटच्या उंच गोल कोठ्या दिसतात. तिथे त्यांना एलेव्हेटर म्हणतात. कोठीचा मालक आसपासच्या शेतकऱ्यांकडून मका विकत घेतो, वाळवतो, साठवतो आणि सवडीने बार्जमध्ये, म्हणजे सपाट बुडाच्या मालवाहू नावेत, भरून न्यू ऑर्लिन्सच्या बंदराकडे पाठवतो. माल विकत घेतल्यापासून विकला जाईपर्यंत भाव पडण्याची धास्ती त्याच्याच डोक्यावर असते. ही धास्ती कमी करायला तो शिकागोच्या वायदे बाजारात पुट ऑप्शन घेतो. सन २०२२च्या शरदात या भागात जे घडले, त्यावरून पुट नेमका कशाचा विमा उतरवतो आणि कशाचा नाही, हे फार स्पष्ट दिसते.

समजा, अशाच एका कोठीवाल्याकडे सप्टेंबर २०२२च्या मध्यावर एक लाख बुशेल मका आहे. मक्याचा एक बुशेल म्हणजे सुमारे २५.४ किलो, तेव्हा हा साठा जवळपास २५,४०० क्विंटलचा झाला. शिकागोत डिसेंबरच्या मका वायद्याचा भाव त्या सुमारास बुशेलला साधारण ६.८० डॉलर होता. कोठीच्या दारातला हजर भाव ६.५० डॉलर धरू. हा आणि यापुढचे कोठीवाल्याचे आकडे हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. हजर भाव वायद्यापेक्षा तीस सेंटने खाली आहे. या फरकाला बेसिस म्हणतात. इथे बेसिस उणे ३० सेंट आहे.

भाव पडण्यापासून वाचायचा सरळ मार्ग म्हणजे शिकागोत एक लाख बुशेलचा वायदा विकून ठेवणे. मक्याचा एक करार ५,००० बुशेलचा असतो, म्हणजे वीस करार विकावे लागतील. हजर भाव पडला तर वायदाही पडेल आणि कोठीतला तोटा वायद्यातल्या नफ्याने भरून निघेल. अडचण येते ती भाव चढला तर. वायदा ऐंशी सेंटने वर गेला की विकलेल्या करारांवर ८०,००० डॉलरचा तोटा दिसतो आणि तो मार्जिन म्हणून रोजच्या रोज रोखीत भरावा लागतो. कोठीतल्या मक्याची किंमत तेवढीच वाढलेली असते, पण तो पैसा माल विकल्यावर मिळणार. तोवर बँक किती उधार देईल? २००८च्या वसंतात धान्याचे भाव भडकले, तेव्हा या मार्जिनच्या ओढीने अमेरिकेतल्या कित्येक कोठ्यांचे खेळते भांडवल संपत आले होते. हेज अगदी बरोबर असूनही व्यापारी त्यात बुडू शकतो.

म्हणून पुट. पुट घेणाऱ्याला ठरलेल्या भावाने वायदा विकण्याचा हक्क मिळतो, बंधन मात्र नसते. त्यासाठी तो एकदाच किंमत, म्हणजे प्रीमियम, मोजतो. नंतर मार्जिनची मागणी येत नाही. आपला कोठीवाला ६.७० डॉलरचे डिसेंबर पुट घेतो आणि बुशेलला २५ सेंट प्रीमियम देतो. वीस करारांचे मिळून २५,००० डॉलर जातात, आणि भाव पडला नाही तर ते परत येत नाहीत.

आता तो मनात एक तळ आखतो. ६.७० मधून २५ सेंट प्रीमियम गेला आणि नेहमीचे ३० सेंट बेसिसचे गेले, की ६.१५ डॉलर उरतात. वायदा ५.८० पर्यंत घसरला असे धरा. बेसिस तेवढेच राहिले, तर कोठीच्या दारात ५.५० मिळतील. पुटमधून ९० सेंट येतील, त्यातून प्रीमियम वजा केला की हातात बरोबर ६.१५ पडतात. वायदा पाच डॉलरवर आला तरी हाच आकडा येतो. उलट वायदा ७.६० वर गेला, तर पुट वाया जाईल, पण मका ७.३० ला विकला जाईल आणि प्रीमियम जाऊन ७.०५ उरतील. खाली तळ पक्का, वर मोकळीक. त्यासाठी २५ सेंट मोजायला तो तयार होतो, आणि त्यात काही चूक नाही.

या हिशेबात एक आकडा मात्र गृहीत धरलेला आहे, तो म्हणजे उणे ३० सेंट. पुटची किंमत शिकागोच्या वायद्याकडे बघून ठरते. कैरोच्या दारातल्या भावाशी तिचा थेट संबंध नाही. बेसिसमध्ये वाहतूक असते, साठवणीचा खर्च असतो, जवळचा इथेनॉल कारखाना किंवा कोंबडीखाद्याची गिरणी किती जोरात खरेदी करते आहे हे असते, मालाची प्रत आणि ओलावाही असतो. यातले काहीही बदलले, की शिकागो जागेवर राहून गावातला भाव हलतो. हीच बेसिस जोखीम. ती पुटच्या बाहेर राहते.

सप्टेंबर संपत आला आणि नदी आटू लागली. मिसिसिपीच्या पाणलोटात महिनोन्‌महिने पाऊस कमी झाला होता. ऑक्टोबरमध्ये मेम्फिसच्या मापकावर तोवरची सर्वांत नीचांकी पातळी नोंदली गेली. बार्ज गाळात रुतू लागले, पात्रात खोदाई करायला वाहतूक थांबवावी लागली आणि शेकडो बार्ज रांगेत उभे राहिले. मका-सोयाबीनची काढणी ऐन भरात आली होती, तीही नेमकी याच आठवड्यांत.

पाणी उथळ झाले की बार्ज पूर्ण भरता येत नाही. एरवी एका बार्जमध्ये १,५०० अमेरिकी टन, म्हणजे ५२-५३ हजार बुशेल मका मावतो. बार्ज जितका भरेल तितका पाण्यात खोल जातो. त्याला एक फूट कमी खोल ठेवायचे, तर सुमारे २०० टन माल कमी भरावा लागतो. त्यातच एका टगबोटीमागे किती बार्ज जोडायचे, यावरही मर्यादा आली. माल तेवढाच आणि न्यायला जागा कमी, म्हणून भाडे भडकले. सेंट लुईसहून खाली जाण्याचे भाडे टनाला शंभर डॉलरच्या पुढे गेले. या टनात मक्याचे ३५.७ बुशेल बसतात, म्हणजे नुसते भाडेच बुशेलला जवळपास २.८० डॉलर! ज्यांनी बार्ज आधीच ठरवून ठेवले होते, त्यांना हा दर द्यावा लागला नाही. पण उरलेल्यांसाठी नदीचा रस्ता जवळजवळ बंदच झाला.

हे भाडे कोणाच्या खिशातून जाते? न्यू ऑर्लिन्सच्या निर्यातदाराला जहाज भरायचेच असते, म्हणून तो बंदरावर थोडा जास्त भाव देतो. उरलेला भार नदीकाठच्या भावावर येतो, कारण कोठ्या भरल्या आहेत आणि शेतातून ट्रक येतच आहेत. शिकागोचा वायदा या दोन टोकांच्या मध्ये होता. त्याची डिलिव्हरी वर इलिनॉय नदीच्या बाजूला होते, आणि देशातल्या खाद्य व इथेनॉल उद्योगांची मागणीही त्याच्यामागे होती. ऑक्टोबरच्या मध्यावर डिसेंबर वायदा ६.९० च्या आसपास, म्हणजे सप्टेंबरपेक्षा किंचित वरच होता.

आता आपल्या कोठीवाल्याकडे बघू. त्याच्या दारातले बेसिस उणे ३० वरून उणे १.२० डॉलरवर गेले असे धरा. मक्याला ५.७० मिळतात. ६.७० चा पुट वायद्याच्या खाली असल्याने वापरून काही मिळत नाही. मुदतीला पाच-सहा आठवडे बाकी असल्यामुळे बाजारात त्याला दहा सेंट येतात असे मानू. ५.७० मध्ये दहा सेंट मिळवा, पंचवीस वजा करा. उरले ५.५५. तळ ६.१५ चा आखला होता, म्हणजे बुशेलला साठ सेंटची तूट आली. एक लाख बुशेलवर ६०,००० डॉलर झाले, आणि पुटने त्याला दिलेल्या शब्दात कुठेही कसूर केलेली नाही.

अशा वेळी लोक ऑप्शनलाच दोष देतात आणि पुढच्या हंगामात जास्त महागाचा, म्हणजे वरच्या भावाचा पुट घेतात. मला हे चुकीचे वाटते. ६.७० ऐवजी सात डॉलरचा पुट घेतला असता, तरी त्यावर प्रीमियम खूप जास्त गेला असता आणि वायदा जागचा न हलल्यामुळे नदीचे नुकसान भरून आलेच नसते. तूट बेसिसमधून आली होती, तिचा उपाय बेसिसमध्येच शोधावा लागतो.

एक उपाय असा, की निर्यातदाराशी किंवा गिरणीशी फक्त बेसिस आधी ठरवून टाकायचे. ‘डिसेंबर वायद्याला तीस सेंट कमी’ असा करार सप्टेंबरमध्येच झाला, की वायद्याचा भाव नंतर ठरवता येतो आणि पुट खालचा तळ धरून ठेवतो. मग सौदा जवळजवळ पूर्ण बंदिस्त होतो. मात्र पुढे बेसिस सुधारले, तर त्याचा फायदा सोडून द्यावा लागतो. दुसरा उपाय म्हणजे बार्जचे भाडे आगाऊ ठरवणे. तिसरा उपाय साठवणीचा. पाणी चढले की भाडे उतरते आणि बेसिस सावरते, म्हणून ज्याच्याकडे कोरडी जागा आणि बँकेचा धीर आहे तो थांबू शकतो. पण थांबणाऱ्याने मुदतीकडे लक्ष द्यायला हवे. डिसेंबरच्या मका वायद्यावरचे ऑप्शन नोव्हेंबरच्या शेवटीच संपतात. हिवाळाभर मका ठेवायचा, तर पुट मार्चचा लागतो. त्याचा प्रीमियम जास्त असतो, आणि बेसिसही मार्चच्या वायद्याशी मोजावे लागते.

खरे तर मुरलेला कोठीवाला बेसिसची जोखीम जाणूनबुजून पत्करतो. शिकागोचा भाव कुठे जाईल हे त्याला कळत नाही, पण आपल्या नदीचे, गिरणीचे आणि आसपासच्या पिकाचे त्याला बरेच कळते. त्याची कमाई बरीचशी इथूनच येते. नदी आटलेली असताना ज्याच्या कोठ्या रिकाम्या होत्या, त्याने तोच पडलेला मका शेतकऱ्यांकडून स्वस्तात घेतला.

आपल्याकडे १९५२च्या वायदे करार कायद्याने मालावरच्या ऑप्शनना बंदी घातली होती. त्याआधी मुंबईच्या बाजारात ते ‘तेजी-मंदी’ या नावाने चालत. शेतमालाच्या वायद्यावरचे ऑप्शन जानेवारी २०१८मध्ये एनसीडीईएक्सवर गवारबीपासून पुन्हा सुरू झाले. डिसेंबर २०२१मध्ये मात्र सेबीने सोयाबीन, गहू, हरभरा, मोहरी यांसह सात शेतमालांचे वायदे थांबवले, आणि त्या बंदीची मुदत पुढे वेळोवेळी वाढवली गेली.

एनसीडीईएक्सचा सोयाबीन करार इंदूरच्या भावावर बेतलेला होता. लातूरच्या अडत्याला त्यावर पुट घ्यायचा, तर इंदूरचा भाव पडण्याची काळजी मिटेल. आवकेच्या दिवसांत लातूर-इंदूरचा फरक किती ताणला जातो, परतीच्या पावसाने ओलावा वाढला की किती कट लागते, आसपासच्या तेल गिरण्या किती खरेदी करतात, हे सगळे त्याच्याकडेच राहील. मिसिसिपीकाठच्या कोठ्यांमध्ये अशा फरकाची आठवडावार नोंद वर्षानुवर्षे ठेवतात, आणि पुट कोणत्या भावाचा घ्यायचा हे ठरवण्याआधी ती वही उघडतात. तीत बेसिसची सरासरी असतेच, पण सगळ्यात वाईट गेलेला आठवडाही असतो, आणि तळ आखताना तो आकडाही धरावा लागतो.