दोन परीक्षक आणि समान क्रमांक

वक्तृत्व स्पर्धेत दोन परीक्षकांची मते कितपत जुळली, हे प्रत्यक्ष गुणांऐवजी क्रमांकांवरून मोजता येते. एक परीक्षक सढळ हाताचा आणि दुसरा कडक असला तरी त्याने फरक पडत नाही. चार्ल्स स्पिअरमन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९०४ मध्ये मांडलेला क्रम-सहसंबंध गुणांक याच कामाचा आहे. तो +१ असेल तर पूर्ण एकमत, −१ असेल तर नेमका उलटा क्रम.

गुणपत्रकाच्या मोबाइलवर काढलेल्या फोटोतून आठ स्पर्धकांचे गुण असे उतरवले आहेत:

| स्पर्धक | क | ख | ग | घ | च | छ | ज | झ |
|---|---|---|---|---|---|---|---|---|
| पहिला परीक्षक | ४२ | ३८ | ३८ | ३५ | ३१ | २९ | २९ | २९ |
| दुसरा परीक्षक | ४० | ४१ | ३६ | ३६ | ३३ | ३४ | २७ | २५ |

पहिल्या ओळीत ख आणि ग यांना सारखेच गुण आहेत. त्यांच्या वाट्याला दुसरी आणि तिसरी जागा येते, म्हणून दोघांनाही सरासरी, म्हणजे २.५ क्रमांक द्यायचा. त्यानंतरचा घ चौथाच राहतो. त्याला तिसरा धरणे ही नेहमीची चूक. शेवटच्या तिघांत सहावी, सातवी आणि आठवी जागा वाटली जाते, म्हणून प्रत्येकाचा क्रमांक ७. दुसऱ्या ओळीत ग आणि घ यांना ३.५ मिळतो. दोन्ही ओळींतल्या क्रमांकांची बेरीज ३६ येते, म्हणजे वाटणी बरोबर आहे.

प्रत्येक स्पर्धकाच्या दोन क्रमांकांतील फरकांच्या वर्गांची बेरीज १०.५ होते. समान क्रमांकांच्या प्रत्येक गटासाठी, गटात m जण असतील तर, (m³ − m) ÷ १२ इतकी भर त्यात घालायची. जोडीसाठी ती ०.५, त्रिकुटासाठी २. येथे दोन जोड्या आणि एक त्रिकूट, म्हणून भर ३ आणि एकूण १३.५.

गुणांक = १ − (६ × १३.५) ÷ (८ × ६३) = ०.८४

संगणकावर याच क्रमांकांचा सरळ सहसंबंध काढला, तर मात्र ०.८७ येतो. दोन्ही आकडेमोडी बरोबर आहेत. पाठ्यपुस्तकातील सूत्र समान क्रमांकांची दुरुस्ती फक्त अंशात करते आणि छेद तसाच ठेवते. समान क्रमांकांमुळे क्रमांकांचा विस्तारही आक्रसतो. संगणक तो छेदातही धरतो. म्हणून संगणकाचे उत्तर अधिक काटेकोर. परीक्षेत मात्र सांगितलेले सूत्रच वापरावे.

खरा धोका फोटोत असतो. अस्पष्ट फोटोत ख चा इंग्रजी अंकांतला ३८ सहज ३३ वाचला जातो. मग ख आणि ग यांची जोडी फुटते, ख दुसऱ्या-तिसऱ्या जागेवरून चौथ्यावर घसरतो आणि पाठ्यपुस्तकी गुणांक ०.७५ वर येतो. क्रमांकांची बेरीज तेव्हाही ३६ च भरते आणि फरकांची बेरीजही शून्यच राहते, त्यामुळे या दोन्ही पडताळण्यांत चूक सापडत नाही. पत्रकावर परीक्षकाने मांडलेली एकूण बेरीज असेल तर तिच्याशी ताळा करावा. पहिल्या ओळीची खरी बेरीज २७१ आहे, चुकीच्या वाचनाने ती २६६ होते. अशी बेरीज नसेल, तर संशयास्पद आकडा मूळ कागदावरूनच तपासावा लागतो.