पगारपत्रकातले दोनशे रुपये : महाराष्ट्रातील व्यवसाय कर

महाराष्ट्रातील नोकरदाराच्या पगारपत्रकात भविष्य निर्वाह निधीच्या कपातीखाली दरमहा दोनशे रुपयांची एक छोटी कपात असते आणि फेब्रुवारीत ती तीनशे होते. हाच व्यवसाय कर. कचेऱ्यांत त्याला सर्रास ‘पीटी’ म्हणतात. आयकर केंद्र सरकारचा, हा राज्याचा. महाराष्ट्रात तो १९७५ च्या कायद्याने, त्याच वर्षीच्या १ एप्रिलपासून लागू झाला. रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करणे हा त्यामागचा हेतू होता. शहरातल्या पगारदाराने आणि व्यावसायिकाने दिलेल्या पैशातून दुष्काळी भागात हाताला काम द्यायचे, अशी ती मांडणी.

राज्यांना असा कर बसवण्याची मुभा राज्यघटनेच्या कलम २७६ ने दिली आहे आणि त्याच कलमाने त्याला कमाल मर्यादाही घातली आहे. सुरुवातीला एका व्यक्तीकडून वर्षाला २५० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नव्हते. १९८८ च्या घटनादुरुस्तीने ही मर्यादा २,५०० रुपये केली आणि आजही ती तेवढीच आहे. महिन्याला दोनशेप्रमाणे अकरा महिन्यांचे २,२०० होतात. मर्यादेपर्यंत उरलेले तीनशे शेवटच्या महिन्यात घेतले जातात. या कराचे वर्ष मार्च ते फेब्रुवारी असे धरले जात असल्याने ती वाढीव कपात फेब्रुवारीच्या वाट्याला येते.

सगळी राज्ये हा कर घेत नाहीत. दिल्ली, हरियाणात तो नाही. तमिळनाडू आणि केरळात तो स्थानिक स्वराज्य संस्था सहामाही गोळा करतात. महाराष्ट्रात मात्र तो राज्याच्या वस्तू व सेवा कर विभागाकडे जातो.

पगारदारांसाठी महाराष्ट्रातले टप्पे मोजकेच आहेत. पुरुष कर्मचाऱ्याचा मासिक पगार ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर कर नाही. त्यापुढे १०,००० पर्यंत दरमहा १७५ रुपये, तेही बाराही महिने सारखेच. दहा हजारांच्या वर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३००. स्त्री कर्मचाऱ्याला १ एप्रिल २०२३ पासून २५,००० रुपयांपर्यंतच्या मासिक पगारावर कर लागत नाही. पूर्वी तिची ही मर्यादा दहा हजार होती. पंचवीस हजारांच्या पुढे तिलाही दोनशे आणि तीनशेचाच हिशेब. म्हणजे अकरा हजार कमावणारा मदतनीस आणि दोन लाख कमावणारा व्यवस्थापक वर्षाला सारखेच २,५०० रुपये भरतात. घटनेतली मर्यादा इतकी वर्षे न हलल्याने वरच्या पगारांसाठी नवा टप्पा करायला राज्याकडे जागाच उरलेली नाही. हा कर कमी पगाराला जास्त जाणवतो, हे मान्य करावेच लागते.

टप्पा ठरवताना हातात पडणारी रक्कम पाहायची नसते. मूळ वेतन, महागाई भत्ता आणि नियमितपणे मिळणारे इतर सगळे भत्ते मिळून होणारा एकूण पगार धरायचा असतो. भविष्य निर्वाह निधी कापून साडेनऊ हजार हाती येणाऱ्या पुरुषाचा एकूण पगार साडेदहा हजार असेल, तर त्याचे दोनशेच कापायला हवेत. बोनस आणि ग्रॅच्युइटी मात्र या हिशेबात येत नाहीत. म्हणून दिवाळीच्या महिन्यात बोनसमुळे कुणाचा टप्पा बदलत नाही. हिशेब दर महिन्याचा वेगळा असतो, ही गोष्ट बरेच जण विसरतात. साडेचोवीस हजार पगार असलेल्या बाईंना ऑक्टोबरपासून पगारवाढ होऊन पंचवीस हजार आठशे मिळू लागले, तर मार्च ते सप्टेंबर शून्य, ऑक्टोबर ते जानेवारी चार महिने दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, असे त्या वर्षी एकूण अकराशे कापले जातात. वर्षाचा पगार बेरजेत घेऊन मागच्या महिन्यांची वसुली करायची नसते.

काहींना हा कर पूर्ण माफ आहे. पासष्ट वर्षांपुढील व्यक्ती, चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक कायमचे अपंगत्व असलेल्या व्यक्ती, मतिमंद मुलांचे पालक आणि सैन्यदलातील व्यक्ती त्यांत येतात. अपंगत्वाच्या सवलतीसाठी प्रमाणपत्र मालकाकडे द्यावे लागते. ते दिलेले नसते म्हणून वर्षानुवर्षे कपात चालू राहिल्याची उदाहरणे कमी नाहीत.

पगारदाराचे काम इथे संपते. लहान व्यावसायिकाला मात्र या करात दोन वेगवेगळ्या भूमिका निभवाव्या लागतात आणि बहुतेक घोटाळे या दोन भूमिकांच्या सरमिसळीतून होतात. पहिली भूमिका मालकाची : कर्मचाऱ्यांकडून कर कापून सरकारात भरायचा. त्यासाठी नोंदणी प्रमाणपत्र घ्यावे लागते, ज्याला सगळे ‘पीटीआरसी’ म्हणतात. दुसरी भूमिका स्वतः करदात्याची. दुकानदार, डॉक्टर, वकील, सनदी लेखापाल, भागीदारीतला प्रत्येक भागीदार आणि कंपनी यांनी स्वतःच्या नावाने वर्षाला २,५०० रुपये भरायचे असतात. त्यासाठीचे नावनोंदणी प्रमाणपत्र म्हणजे ‘पीटीईसी’. दोन्ही क्रमांक दिसायला सारखेच, शेवटी P असलेले. फरक सुरुवातीच्या आकड्यांत असतो. पीटीआरसी २७ ने सुरू होतो, पीटीईसी ९९ ने. चलन भरण्यापूर्वी एवढे दोन आकडे पाहिले तर कर्मचाऱ्यांचे पैसे मालकाच्या खात्यावर जमा होण्याची चूक टळते. ती झाली की एका खात्यात थकबाकी दिसते आणि दुसऱ्यात जादा जमा, आणि मग विभागाशी पत्रव्यवहार सुरू होतो.

कोल्हापूरजवळच्या एखाद्या औद्योगिक वसाहतीतला छोटा कारखाना उदाहरणादाखल घेऊ. दोन भागीदार, सात कर्मचारी. झाडलोट करणारा अर्धवेळ कामगार ६,५०० रुपये घेतो, म्हणून त्याला कर नाही. अर्धवेळ मदतनीसाला ९,२०० मिळतात, त्याचे दरमहा १७५. लेथवरचे तिघे कारागीर सोळा ते चोवीस हजारांमध्ये आहेत, प्रत्येकी दोनशे. हिशेब पाहणाऱ्या बाईंना बावीस हजार पगार, त्यांना कर नाही. आणि अठ्ठावीस हजार घेणाऱ्या पर्यवेक्षिका, त्यांचे दोनशे. दर महिन्याची कपात ९७५ रुपये होते, फेब्रुवारीत १,३७५. वर्षाची बेरीज १२,१००. ही झाली पीटीआरसीची रक्कम. दोन भागीदारांनी आपापल्या पीटीईसीवर भरायचे प्रत्येकी २,५०० म्हणजे एकूण ५,००० रुपये यात येत नाहीत. ते वेगळेच भरायचे.

विवरणपत्र किती वेळा भरायचे हे आदल्या वर्षीच्या करावर ठरते. तो एक लाखापेक्षा कमी असेल तर वर्षातून एकच विवरणपत्र, मार्च महिन्यात. एक लाख किंवा जास्त असेल तर दर महिन्याला. नव्याने नोंदणी केलेल्या मालकाला पहिल्या वर्षी मात्र दरमहाच भरावे लागते. तो टप्पा चुकवणारे बरेच असतात, कारण शेजारच्या जुन्या कारखान्याचे विवरणपत्र वर्षातून एकदाच जाते, हे त्यांनी पाहिलेले असते. आपल्या कोल्हापूरच्या कारखान्याचा कर बारा हजारांच्या घरात असल्याने त्याला वार्षिक विवरणपत्र पुरते.

ते भरण्याची रीत अशी. आधी mahagst.gov.in या संकेतस्थळावर पीटीआरसी क्रमांक आणि कालावधी निवडून कर भरायचा, मग विवरणपत्र. त्यासाठी नमुना ३-बी ची एक्सेल फाइल उतरवून घ्यायची, भरायची, त्यातच तपासून पाहायची आणि संकेतस्थळावर चढवायची. या नमुन्यात कर्मचाऱ्यांची नावे लागत नाहीत, दरानुसार संख्या लागते. वार्षिक विवरणपत्रात ही संख्या बाराही महिन्यांची मिळून असते. आपल्या कारखान्यासाठी १७५ च्या ओळीत १२, दोनशेच्या ओळीत ४४ आणि तीनशेच्या ओळीत ४. गुणाकार करून २,१००, ८,८०० आणि १,२०० यांची बेरीज घेतली की १२,१०० जुळतात. दोनशेच्या ओळीत चार माणसे म्हणून नुसते ४ लिहिले, तर विवरणपत्र आणि चलन यांचा मेळ बसत नाही. तीनशेची ओळ रिकामी दिसली तर फेब्रुवारीची वाढीव कपात राहून गेली, हे लगेच ओळखावे.

विवरणपत्र उशिरा गेले तर पहिल्या तीस दिवसांत दोनशे रुपये विलंब शुल्क लागते, त्यानंतर एक हजार. न भरलेल्या करावर व्याज दरमहा सव्वा टक्क्यापासून सुरू होते आणि उशीर वाढेल तसा दरही चढतो. बारा हजार शंभरवर पहिल्या महिन्याचे व्याज दीडशेच्या आसपास होते. लहान कारखान्याला खरा फटका शुल्काचा बसतो, आणि महिन्याचे विवरणपत्र लागू असणाऱ्याला तो बारा वेळा बसू शकतो. एक गोष्ट कायद्यात स्पष्ट आहे. मालकाने पगारातून कर कापला नाही, तरी भरण्याची जबाबदारी त्याचीच राहते. कर्मचारी नोकरी सोडून गेला, आता कपात कोणाकडून करणार, ही सबब चालत नाही.

पीटीईसीचे काम त्या मानाने सोपे आहे. विवरणपत्र नाही, फक्त दरवर्षी ३० जूनपर्यंत २,५०० रुपये भरायचे. ३१ मेनंतर नावनोंदणी झाली असेल तर नोंदणीपासून एका महिन्यात. एकरकमी योजनेत चार वर्षांचे १०,००० रुपये आगाऊ भरले की पाच वर्षांची जबाबदारी संपते. एखादी व्यक्ती एकाच वेळी दुकानदारही असेल आणि भागीदारही, तर तिला दोनदा भरावे लागत नाही, सर्वांत जास्त दराच्या एका नोंदीखाली एकदाच. नाव न नोंदवता व्यवसाय केल्याचे उघडकीस आले तर मागच्या जास्तीत जास्त चार वर्षांचा कर व्याजासह मागितला जातो.

पगारदाराला व्यवसाय कराची वजावट आयकराच्या जुन्या प्रणालीत मिळते, नव्या प्रणालीत मिळत नाही. व्यावसायिकाने स्वतःच्या पीटीईसीवर भरलेली रक्कम त्याच्या धंद्याच्या खर्चात धरता येते. कर्मचाऱ्यांकडून कापलेली रक्कम मात्र मालकाचा खर्च नसतो, तो पगाराचाच भाग आहे.

धंदा बंद पडला की वस्तू व सेवा कराची नोंदणी रद्द करून घेतली जाते, पण व्यवसाय कराचे दोन्ही क्रमांक तसेच राहतात. एक रद्द झाल्याने दुसरे आपोआप रद्द होत नाही. पीटीआरसीसाठी शेवटच्या पगारापर्यंतची विवरणपत्रे पूर्ण करून रद्द करण्याचा अर्ज द्यावा लागतो, पीटीईसीसाठी धंदा बंद झाल्याचा पुरावा जोडून. अर्ज राहून गेला की विभागाच्या नोंदीत दरवर्षी २,५०० रुपयांची मागणी उभी राहत जाते, आणि तीन-चार वर्षांनी नोटीस येते तेव्हा ते दुकान कधी बंद झाले याचे कागद शोधत बसावे लागते.