खूण नको, आकडा लिहा

छोट्या कॅफेच्या काउंटरमागे, गिऱ्हाइकाला दिसणार नाही अशा जागी, बहुधा एक कागद चिकटवलेला असतो. ‘मशीन साफ केलं’, ‘ग्राइंडर साफ केला’, ‘दूध फ्रिजमध्ये ठेवलं’, आणि पुढे तारखांचे रकाने. हे रकाने रोजच्या रोज भरले जातातच असं नाही. मालक येणार असल्याची कुणकुण लागली की आठवडाभराच्या खुणा एकाच पेनाने, एकाच झोकात होतात. दोष पोरांचा कमी आणि कागदाचा जास्त. मशीनकडे न बघता भरता येईल असा रकाना ठेवला तर तो तसाच भरला जाणार. म्हणून एस्प्रेसो बारच्या यादीत शक्य तिथे खूण नको, आकडा हवा: फ्रिजचं तापमान, कॉफीचे ग्रॅम, कप भरायला लागलेले सेकंद.

पुण्यातल्या एखाद्या गल्लीतलं दहा-बारा खुर्च्यांचं कॅफे डोळ्यांसमोर आणू. दोन ग्रूपचं मशीन आहे, म्हणजे एका वेळी दोन तोंडांतून कॉफी काढता येते. शेजारी एक ग्राइंडर, काउंटरखाली एक फ्रिज. दार सकाळी आठला उघडतं आणि रात्री दहाला बंद होतं. या कॅफेची यादी मी रात्रीपासून वाचतो, कारण सकाळच्या बऱ्याच तक्रारी रात्रीच्या अर्धवट कामातून आलेल्या असतात.

रात्रीचं सगळ्यात मोठं काम मशीनच्या ग्रूपचं. एस्प्रेसो काढताना साधारण 9 बार दाबाने गरम पाणी कॉफीच्या घट्ट चकतीतून ढकललं जातं. पंप बंद केला की चकतीवर उरलेला दाब कुठेतरी जायला हवा, नाहीतर पोर्टाफिल्टर काढताना गरम गाळ अंगावर उडेल. त्यासाठी आत तीन वाटांची झडप असते. ती उघडते आणि चकतीवरचं पाणी मागच्या मागे निचऱ्यात सोडते. हे पाणी स्वच्छ नसतं. त्यात कॉफीचं तेल आणि बारीक चुरा असतो. दिवसभरात शंभर कप निघाले तर शंभर वेळा हा माल त्या अरुंद वाटेने गेलेला असतो. तेल तिथेच बसतं, तापत राहतं आणि खवट होतं. दुसऱ्या दिवशी ताज्या दाण्यांची कॉफीही कडवट, जुनाट लागते आणि बिचाऱ्या दाण्यांना बोल लागतो.

यावरचा उपाय म्हणजे बॅकफ्लश. पोर्टाफिल्टरमध्ये बिनछिद्राची गाळणी बसवायची, तिच्यात मशीनसाठी मिळणारी साफसफाईची पावडर साधारण 3 ग्रॅम घालायची आणि ग्रूपला लावून पंप चालू करायचा. पाण्याला खाली वाट नाही, त्यामुळे दाब भरतो. 10 सेकंदांनी बंद केलं की पावडरीचं पाणी त्याच झडपेतून मागे सुटतं. असं पाच वेळा केल्यावर पावडरीशिवाय, नुसत्या पाण्याने हेच पुन्हा करायचं, आणि निचऱ्यात फेस दिसायचा थांबेपर्यंत करत राहायचं. ‘पाच वेळा’ हा आकडा वहीत बसतो, पण थांबायची खरी खूण फेसच सांगतो. हे काम झडप असलेल्या मशीनवरच करायचं. हाताने दांडा ओढायच्या जुन्या पद्धतीच्या मशीनला ते लागू नाही. ग्रूपच्या आतली रबरी कड ब्रशने घासायची. गाळण्या आणि पोर्टाफिल्टरचा धातूचा भाग त्याच पावडरीच्या गरम पाण्यात भिजत घालायचा, मूठ मात्र पाण्याबाहेर ठेवायची.

मग वाफेची नळी. इथली गफलत सहसा लक्षात येत नाही. दूध फेसाळून झालं आणि वाफ बंद केली की नळीत उरलेली वाफ थंड होते. वाफेचं पाणी झालं की तिची जागा रिकामी पडते आणि ती पोकळी टोकाशी असलेलं दूध आत ओढून घेते. पुढच्या वाफेने ते दूध आतच शिजतं आणि भिंतीला चिकटतं. म्हणून प्रत्येक वेळी दूध फेसाळून झालं की लगेच नळी ओल्या फडक्याने पुसायची आणि क्षणभर वाफ सोडून आतलं दूध बाहेर फेकायचं. हे फडकं नळीचंच असावं, काउंटर पुसायचं वेगळं. रात्री टोक सुटं होत असेल तर काढून घासायचं आणि त्याची छिद्रं मोकळी आहेत का ते उजेडासमोर धरून बघायचं. काही जण नळी रात्रभर पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवतात आणि मशीन बंद करून घरी जातात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण ही सवय वाईट. बॉयलर थंड होताना तीच पोकळी आता अख्ख्या बॉयलरमध्ये तयार होते. ती अडवणारी छोटी झडप अडकलेली असेल, तर भांड्यातलं दुधाळ पाणी थेट बॉयलरमध्ये जातं. त्यानंतर येणारी वाफ नासक्या दुधाचा वास घेऊन येते आणि बॉयलर उघडावा लागतो.

ग्राइंडरचं काम थोडक्यात आटपतं, पण वगळलं जातं तेही हेच. वरच्या हॉपरमधले दाणे काढून हवाबंद डब्यात ठेवायचे. रात्रभर हवेवर राहिले तर त्यांच्यातला वायू आणि वास उडतो. हॉपरला आतून लागलेलं तेल कोरड्या फडक्याने पुसायचं. पूड बाहेर पडते ती वाट ब्रशने मोकळी करायची. आतल्या दातेरी चकत्यांना पाणी कधीही लावायचं नाही, त्या गंजतात. पावसाळ्यात हे काम एक दिवसही टाळू नये, कारण कॉफीची पूड हवेतली ओल ओढते आणि वाटेत तिच्या गुठळ्या बसतात.

दुधाची रात्रीची नोंद दोनच गोष्टींची: फ्रिजमधलं तापमान आणि उघडलेल्या पिशव्यांचं काय केलं. तापमान 4 अंशांच्या आसपास हवं आणि ते फ्रिजच्या बटणावरून न वाचता आत ठेवलेल्या थर्मामीटरवरून वाचायचं. जगमध्ये उरलेलं, एकदा तापवलेलं दूध ओतून टाकायचं. ‘दूध तापवलं की टिकतं’ हा घरचा हिशेब इथे चालत नाही. घरी आपण दूध उकळतो. कॅफेत ते 60 ते 65 अंशांवर थांबवतात, कारण 70 च्या वर गेलं की गोडवा जाऊन शिजका वास येतो. शिवाय एकदा फेसाळलेलं दूध पुन्हा तापवलं तर फेस नीट धरत नाही. फेकताना जीव तुटत असेल तर लहान जग वापरावा.

आता सकाळ. दार आठला उघडायचं तर मशीन सव्वासातला चालू व्हायला हवं. दाबाचा काटा पंधरा-वीस मिनिटांत जागेवर येतो आणि नवशिक्याला वाटतं, झालं. पण काटा बॉयलरचा आहे. ग्रूपचं जाड धातू तापायला अर्धा-पाऊण तास लागतो. तोवर कॉफी काढली तर पाणी वाटेतच उष्णता हरवतं आणि कप आंबट उतरतो. पोर्टाफिल्टर ग्रूपला लावूनच मशीन तापत ठेवायचं, म्हणजे तोही तापतो. काही मशीनमध्ये काटा आणखी एका कारणाने फसवतो. बॉयलरमध्ये अडकलेली हवा तापून दाब दाखवते, वाफ मात्र पुरेशी नसते. वाफेची नळी उघडून सणसणीत कोरडी वाफ येते का ते बघितलं की शंका फिटते.

हॉपरमध्ये दाणे भरले की पहिली मूठभर पूड दळून फेकायची, कारण आत काल अडकलेली शिळी पूड आधी बाहेर येते. ग्रूपमधून काढलेला पहिला कपही मोरीत जातो. पावडरीचा अंश राहिला असेल तर तो त्याच्याबरोबर जावा. मग वजनकाटा आणि घड्याळ घेऊन खरी नोंद सुरू होते.

समजा, या कॅफेचं माप असं ठरलेलं आहे: 18 ग्रॅम पूड, कपात 36 ग्रॅम कॉफी, वेळ 25 ते 30 सेकंद. काल रात्रीच्या वहीत 28 लिहिलेलं आहे. आज सकाळी डाव्या ग्रूपवर 21 सेकंद येतात आणि चव पातळ, आंबट लागते. दाणे एक दिवसाने जुने झाले की पाणी त्यांच्यातून लवकर निघतं, तेव्हा पहिला संशय दळण्यावर. ग्राइंडर चालू ठेवून एक खूण बारीक करायची. बदललेलं दळण बाहेर यायलाही थोडी पूड फेकावी लागते, हे घाईत विसरलं जातं आणि मग माणूस उगाच आणखी बारीक करत सुटतो. दुसरा कप 26 सेकंदांत येतो आणि चव जागेवर येते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. वजन आणि दळण दोन्ही हलवलं तर कोणी काय केलं ते कळत नाही.

आता हीच पूड, हेच वजन उजव्या ग्रूपवर लावलं आणि 37 सेकंद लागले. इथे ग्राइंडरला हात लावायचा नाही. पूड एकच आहे, म्हणजे फरक मशीनमध्ये आहे. आधी दोन्ही बाजूंच्या गाळण्यांची अदलाबदल करून बघावी. फरक गाळणीबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर तीच चोंदलेली आहे. नाही गेला, तर दोन्ही ग्रूपखाली रिकामे कप ठेवून 10 सेकंद नुसतं पाणी सोडायचं आणि तोलायचं. उजव्या बाजूला पाणी कमी पडलं तर त्या ग्रूपची जाळी किंवा तिच्यामागचं सुईच्या टोकाएवढं छिद्र बुजलेलं आहे. जाळी काढून घासणं आपल्या हातात असतं. तरीही पाणी कमीच असेल तर तो क्षार आहे, आणि बोअरवेलच्या किंवा टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या कॅफेत त्याची शक्यता बरीच. तेव्हा मेकॅनिकला बोलवायचं आणि पाण्याचा फिल्टर शेवटचा कधी बदलला ती तारीख शोधायची. ती तारीखही याच वहीत असायला हवी.

सकाळच्या दुधाकडे एकदाच पण नीट बघायचं. पिशव्या पहाटे दारात येऊन पडतात आणि मशीन लावायला आलेला मुलगा त्या सवडीने उचलतो. आल्या आल्या त्यांचं तापमान बघून लिहावं आणि कालच्या उरलेल्या पिशव्या पुढे, आजच्या मागे लावाव्यात. वास चांगला आहे, तारीख बरोबर आहे, तरी फेसाचे मोठे बुडबुडे येतात आणि तो मिनिटाभरात बसतो, असं झालं तर बरिस्ताचा हात दोषी धरण्याआधी दूध वाटेत तापलं होतं का ते विचारावं. दुधाची नीट निगा राहिली नाही, ते उबेत राहिलं किंवा फार घुसळलं गेलं तर त्यातली चरबी फुटू लागते आणि तिच्यातून निघालेली आम्लं फेस मोडतात. जिभेला खवटपणा जाणवायच्या आधी फेस ते दाखवू शकतो. वहीत सहाच्या पुढे 11 अंश लिहिलेले दिसले तर दूधवाल्याशी बोलायला आधार मिळतो. नुसत्या खुणेने तो मिळत नाही.

रात्रीच्या या सगळ्याला सावकाश केलं तर पाऊण तास लागतो, आणि तो पगारी वेळेत धरला नाही तर यादी कितीही चांगली छापली तरी ती पेनानेच पुरी होणार. गिऱ्हाईक म्हणून तुम्हाला वही कोणी दाखवणार नाही. काउंटरवरून वाफेच्या नळीचं टोक मात्र दिसतं. त्यावर पिवळट, वाळलेला दुधाचा थर दिसला, तर त्या दिवशी दुधाशिवायची कॉफी मागवा.