किती भरले, किती उरले

अमेरिकेच्या १७९० च्या पहिल्या जनगणनेत ३९ लाख २९ हजार माणसे मोजली गेली. १८५० मध्ये हा आकडा २ कोटी ३१ लाख ९२ हजारांवर गेला आणि १९१० मध्ये ९ कोटी १९ लाख ७२ हजारांवर. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या रेमंड पर्ल आणि लोवेल रीड यांनी १९२० मध्ये एवढ्या तीन आकड्यांवरून भाकीत केले की ही लोकसंख्या १९ कोटी ७३ लाखांच्या आसपास थबकेल. त्यांनी वापरलेले समीकरण बेल्जियमच्या व्हेरहुल्स्टने १८३८ मध्येच मांडले होते, पण तोवर ते विस्मरणात गेले होते.

समीकरणामागचा विचार सरळ आहे. लोकसंख्या P जितकी मोठी, तितकी तिची वाढ मोठी. मात्र जमीन, अन्न, पाणी यांची एक कमाल मर्यादा K असते आणि तिच्याकडे सरकताना वाढीला लगाम बसतो:

dP/dt = rP(1 − P/K)

लगाम कंसात आहे. P लहान असताना कंसाची किंमत जवळपास १ असते, P जेव्हा K ला भिडतो तेव्हा शून्य.

बारावीला इंटिग्रेशन केलेल्यांना पुढची पायरी आठवेल. P असलेले सगळे एका बाजूला आणि काळ t दुसऱ्या बाजूला घ्यायचा:

K dP / [P(K − P)] = r dt

उजवी बाजू सोपी आहे. डावीकडे छेदात P आणि (K − P) यांचा गुणाकार असल्यामुळे थेट इंटिग्रेशन होत नाही. इथे आंशिक अपूर्णांक कामाला येतात. गुणाकाराच्या छेदाचा एक अपूर्णांक फोडून साध्या छेदांचे दोन करायचे:

K / [P(K − P)] = 1/P + 1/(K − P)

उजवीकडच्या दोघांची बेरीज करून पाहा. अंशात (K − P) + P येते, म्हणजे K च. आता दोन्ही तुकड्यांचे इंटिग्रेशन लॉगॅरिदममध्ये होते. दुसऱ्या तुकड्यात P च्या आधी उणे चिन्ह आहे, म्हणून त्याचा लॉग वजा होतो. विद्यार्थ्यांचे हे चिन्ह हमखास चुकते आणि मग भागाकाराऐवजी गुणाकार येतो. बरोबर उत्तर असे:

ln P − ln(K − P) = rt + C

म्हणजेच

P/(K − P) = A·e^(rt)

पाठ्यपुस्तके इथून घाईने P चे सूत्र काढतात. पण गणिताचा खरा अर्थ याच ओळीत आहे. डावीकडे आहे ‘भरलेली जागा भागिले उरलेली जागा’. लोकसंख्येची वाढ मंदावत असली तरी हे गुणोत्तर मात्र न मंदावता, ठरावीक काळात ठरावीक पटीने वाढत राहते.

K = १९.७३ कोटी धरून पडताळा घेऊ. १७९० मध्ये हे गुणोत्तर ०.०२०३ येते, १८५० मध्ये ०.१३३ आणि १९१० मध्ये ०.८७३. दोन्ही वेळा साठ वर्षांत सुमारे ६.५६ पट! त्यावरून r निघतो वर्षाला ०.०३१३. याच चालीने पुढच्या वीस वर्षांत गुणोत्तर १.८७ पट होऊन १.६३ वर जायला हवे, म्हणजे १९३० ची लोकसंख्या १२.२४ कोटी. त्या वर्षीच्या जनगणनेत निघाली १२.२८ कोटी.

इथे हुरळून जायला नको. K, r आणि A हे तीन अज्ञात तीन आकड्यांवरून काढले, तर ते तीन आकडे जुळणारच. त्याने काही सिद्ध होत नाही. खरी परीक्षा चौथ्या आकड्यापासून सुरू होते. १९३० जमले, पण १९४० साठी सूत्र १३.६३ कोटी सांगत होते आणि मोजले गेले १३.१७ कोटी. १९६० साठी अंदाज १५.९२ कोटींचा, प्रत्यक्षात १७.९३ कोटी. १९७० मध्ये तर लोकसंख्या २० कोटींच्या पुढे गेली. या सूत्रातला P मर्यादेच्या कितीही जवळ जातो, पण ती ओलांडत नाही. इथे मर्यादाच मागे पडली.

गणित कुठे चुकले नव्हते. r आणि K कायम राहतील हे गृहीतक टिकले नाही. मंदीत जन्म घटले, महायुद्धानंतर पुन्हा वाढले, स्थलांतराचे कायदे बदलले. शिवाय सुरुवातीचे आकडे K बद्दल फारसे सांगतच नाहीत. १७९० मध्ये कंसाची किंमत ०.९८ होती. K दुप्पट धरला असता, तर ती ०.९९ झाली असती, आणि जनगणनेच्या कच्च्या आकड्यांत एवढा फरक कुणाला ओळखू येणार? म्हणून कुणी वाढीची कमाल मर्यादा सांगितली, की आधी विचारावे: हातातले आकडे त्या मर्यादेच्या निम्म्यापर्यंत तरी पोचलेत का? पर्ल आणि रीड यांचा शेवटचा आकडा निम्म्याच्याही थोडा अलीकडेच थांबला होता.