नव्या बिंदूसाठी फक्त एक नवे पद

प्रेशर कुकरची शिट्टी होते तेव्हा आतल्या पाण्याचे तापमान सुमारे १२० अंश सेल्सिअस असते आणि वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या साधारण दुप्पट. हे आकडे ज्या पुस्तिकेत छापलेले असतात तिला इंजिनिअरिंगची मुले ‘स्टीम टेबल’ म्हणतात. एका रकान्यात तापमान, शेजारी दाब. समजा, आपल्या हातात अशा कोष्टकातल्या तीनच नोंदी आहेत: ८० अंशांना ४७.४ किलोपास्कल, १०० अंशांना १०१.४ आणि १२० अंशांना १९८.७. आपल्याला हवा आहे ११० अंशांचा दाब, आणि ती ओळ आपल्याकडे नाही.

माहीत असलेल्या आकड्यांच्या मधला आकडा काढण्याच्या या उद्योगाला गणितात अंतर्वेशन म्हणतात. त्याची नेहमीची वाट अशी, की दिलेल्या सगळ्या बिंदूंतून जाणारी बहुपदी शोधायची आणि तिच्यात ११० घालायचे. दोन बिंदूंतून सरळ रेषा जाते. तीन बिंदूंतून वर्गपदापर्यंत जाणारी एकच बहुपदी जाते, चार बिंदूंतून घनापर्यंतची एकच. बहुपदी ठरलेली असली तरी ती मांडायच्या रीती मात्र अनेक आहेत, आणि कामाचा सगळा फरक त्या मांडणीत आहे.

न्यूटनच्या मांडणीची सुरुवात अगदी साधी आहे. आधी फक्त ८० आणि १०० या दोन नोंदी घ्यायच्या. वीस अंशांत दाब ५४ किलोपास्कलने वाढला, म्हणजे दर अंशाला २.७. तापमानाला ‘त’ म्हटले तर पहिला अंदाज तयार झाला: ४७.४ + २.७ × (त − ८०). ही सरळ रेषा दोन्ही नोंदींतून जाते.

आता तिला तिसरी नोंद दाखवू. १२० अंशांना ही रेषा १५५.४ सांगते, खरा दाब आहे १९८.७. तूट ४३.३ ची. ती भरून काढायला एक पद जोडायचे आहे, पण अट अशी की ८० आणि १०० ला जमलेले गणित बिघडता कामा नये. म्हणून नवे पद (त − ८०) × (त − १००) या गुणाकाराच्या पटीत घ्यायचे. ‘त’ च्या जागी ८० किंवा १०० घातले की हा गुणाकार शून्य होतो आणि नवे पद तिथे गप्प बसते. १२० ला तोच गुणाकार ४० × २० म्हणजे ८०० भरतो. ४३.३ ला ८०० ने भागले की येतात ०.०५४१२५. एवढाच नवा सहगुणक.

हाच सहगुणक कोष्टक मांडूनही मिळतो. ८० ते १०० मधला दर २.७ आणि १०० ते १२० मधला दर ४.८६५. या दोन दरांतला फरक २.१६५. त्याला दोन टोकांमधल्या अंतराने, म्हणजे १२० वजा ८० अर्थात ४० ने भागायचे. उत्तर पुन्हा ०.०५४१२५. फरक काढायचा आणि अंतराने भागायचे, मग त्या भागाकारांचे फरक काढून पुन्हा भागायचे. या आकड्यांना विभाजित फरक म्हणतात. वर्गात बहुतेक जण ‘डिव्हायडेड डिफरन्स’च म्हणतात. नोंदी समान अंतरावर असल्या पाहिजेत असे बंधन नाही, कारण प्रत्येक पायरीला त्या त्या अंतराने भागलेलेच असते.

आता ११० घालून पाहू. सरळ रेषेने १२८.४ दिले असते. दुसरे पद ०.०५४१२५ × ३० × १० म्हणजे १६.२४ ची भर घालते. एकूण १४४.६.

इथे कोणीतरी चौथी नोंद आणून देतो: ९० अंशांना ७०.२ किलोपास्कल. ९० हा आकडा ८० आणि १०० च्या मधला आहे, तेव्हा सगळे क्रमाने लावून पुन्हा पहिल्यापासून मांडावे लागेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. तशी गरज नाही. विभाजित फरकाचा एक गुण असा, की बिंदू कोणत्याही क्रमाने घेतले तरी त्याची किंमत बदलत नाही. त्यामुळे ९० ची नोंद खुशाल यादीच्या शेवटी, १२० च्या खाली लिहायची आणि कोष्टकाची फक्त एक तिरकी ओळ वाढवायची.

पहिला भागाकार १२० आणि ९० मधला: दाबातला फरक १२८.५, अंतर ३०, दर ४.२८३३. दुसरा भागाकार या दराचा आणि आधीच्या ४.८६५ चा. यात गुंतलेले बिंदू १००, १२० आणि ९०. भागायचे ९० वजा १००, म्हणजे उणे १० ने. उत्तर ०.०५८१६७. तिसरा भागाकार याचा आणि आधीच्या ०.०५४१२५ चा, अंतर ९० वजा ८०, म्हणजे १०. उत्तर ०.०००४०४. काम संपले. बहुपदी अशी झाली:

४७.४ + २.७ × (त − ८०) + ०.०५४१२५ × (त − ८०)(त − १००) + ०.०००४०४ × (त − ८०)(त − १००)(त − १२०)

पहिल्या तीन पदांतला एकही आकडा हलला नाही. ११० अंशांना नवे पद ३० × १० × (−१०) गुणिले ०.०००४०४, म्हणजे उणे १.२१ भरते. आधीच्या १४४.६ मधून ते गेले की उरतात १४३.४. आता स्टीम टेबल उघडून ११० ची ओळ पाहावी: १४३.४.

हा ताळा सुखावणारा आहेच, पण मला त्याहून मोलाचे वाटते ते शेवटचे पद. ते उणे १.२१ आले आणि आपला आधीचा अंदाज जवळजवळ तेवढ्यानेच चुकलेला होता. खरे उत्तर ठाऊक नसतानाही नव्या नोंदीने आधीचे उत्तर कितपत चुकले होते ते सांगून टाकले. सलग पदे १६.२४, मग १.२१ अशी झपाट्याने लहान होत असतील तर पुढच्या नोंदीने फारसा फरक पडणार नाही आणि थांबायला हरकत नाही.

खर्चाचा हिशेब करू. वर आपण नव्या नोंदीसाठी तीन भागाकार केले, कारण आधीच्या नोंदी तीन होत्या. वीस नोंदी असताना एकविसावी आली तर वीस भागाकार पुरतात. सगळे कोष्टक पहिल्यापासून मांडायचे तर २१ नोंदींना २१० भागाकार लागतील. जुने सगळे कोष्टक जपून ठेवण्याचीही गरज नसते. सहगुणकांच्या जोडीला शेवटची तिरकी ओळ ठेवली की पुढची नोंद जोडता येते.

लाग्रांजच्या नावाने ओळखली जाणारी मांडणी याच बहुपदीची आहे, पण तिच्यात प्रत्येक नोंदीच्या पदात बाकीच्या सर्व नोंदींची तापमाने गुंफलेली असतात. एक नोंद वाढली की एकूण एक पद बदलते. नोंदी कायमच्या ठरलेल्या असतील तेव्हा ती मांडणी सोयीची आहे. तिचे पुढे सुधारलेले रूपही आहे आणि त्यात नवी नोंद स्वस्तात बसते. नेहमी पाठ्यपुस्तकात दिसणाऱ्या रूपात मात्र नाही.

न्यूटनची गरज आकाशातून आली होती. १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’च्या तिसऱ्या खंडात त्याने दिलेल्या बिंदूंतून जाणारा वक्र काढायची रीत सांगितली आहे, आधी समान अंतरांसाठी आणि मग असमान अंतरांसाठी. लगेच पुढे तिचा उपयोग येतो: धूमकेतूची काही स्थाने पाहून नोंदवली असतील तर मधल्या एखाद्या वेळी तो कुठे होता ते काढणे. धूमकेतू ढग नसतील त्या रात्रीच दिसतो. नोंदींमधली अंतरे सारखी असण्याची अपेक्षाच करता येत नाही, आणि नवी नोंद कधी येईल हेही हातात नसते. या रीतीवरचे त्याचे ‘मेथोडस डिफरेन्शियालिस’ १७११ मध्ये छापले गेले. कोष्टकातल्या फरकांचे फरक घेऊन मधली किंमत काढण्याची कल्पना भारतात त्याच्या हजार वर्षे आधी होती. ब्रह्मगुप्ताने ६६५ सालच्या ‘खंडखाद्यक’मध्ये ज्यांच्या, म्हणजे साइनच्या, कोष्टकासाठी दुसऱ्या फरकापर्यंतचा नियम दिला आहे.

कोष्टक मांडताना आकडा लिहिण्यात चूक झाली तर ती लपत नाही, हाही या रीतीचा उपयोग. समजा, १०१.४ ऐवजी घाईत १०४.१ लिहिले गेले. दर होतात २.८३५ आणि ४.७३, दोन्ही पटण्याजोगे. दुसरा फरक ०.०४७४, तोही संशय येण्यासारखा नाही. ९० ची नोंद जोडल्यावर तिसरा फरक मात्र उणे ०.०००२७ येतो. तापमान वाढते तसा वाफेचा दाब उत्तरोत्तर जास्त वेगाने वाढतो, त्यामुळे या टप्प्यात तिन्ही फरक अधिक यायला हवेत. चिन्ह फिरले की मूळ आकडे पुन्हा तपासायचे. तसेच पुढे गेलो असतो तर ११० ला १४७.५ मिळाले असते.

दोन नोंदी फार जवळजवळ असल्या तर मात्र कोष्टक दगा देते. आपले आकडे एका दशांशापर्यंत छापलेले आहेत, म्हणजे प्रत्येकात ०.०५ पर्यंत चूक असू शकते. वीस अंशांच्या अंतराने भागताना ती विरून जाते. अर्ध्या अंशाच्या अंतराने भागले तर दरातच ०.२ पर्यंत चूक शिरू शकते आणि पुढच्या भागाकारांत ती आणखी फुगते. वरच्या फरकांची चिन्हे विनाकारण उलटसुलट होऊ लागली की समजावे, आता आपण दाबाचे गणित सोडून छपाईतल्या दशांशांचे गणित करत आहोत. एकाच तापमानाची नोंद दोनदा घेतली तर भाजक शून्यच होतो.

नोंद जोडणे स्वस्त आहे म्हणून जोडतच जावे, असेही नाही. कार्ल रुंगे याने १९०१ मध्ये दाखवले, की काही अगदी गुळगुळीत वक्रांवर समान अंतराने जितके जास्त बिंदू घ्यावेत तितकी बहुपदी टोकांपाशी जास्त हेलकावे खाते. अशा वेळी पदे लहान होत जाण्याऐवजी वाढू लागतात आणि न्यूटनच्या मांडणीत ते पदापदाला दिसते. त्या ठिकाणी थांबावे, किंवा टोकांपाशी बिंदू दाट घ्यावेत.

नोंदींच्या पट्ट्याबाहेरही जपून. आपली चार नोंदींची बहुपदी ८० ते १२० च्या आत उत्तम चालली. तिच्यात १५० घातले तर ४६८.३ किलोपास्कल येतात, स्टीम टेबलमध्ये आहेत ४७६.२. १५० ची नोंद हाताशी आली, तर ती १२० आणि ९० खाली पाचवी म्हणून लिहायची. चार भागाकार लागतील.